आबांना घरी आणण्याचा निरोप

आमच्याकडे पूर्वी वाईट बातमीची चिठ्ठी ओळखायला ती वाचावी लागत नसे. पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला दिसला की आई हातातलं काम टाकून खाली बसायची. आता सगळे निरोप सारखेच दिसतात. फोन टिंग करतो आणि बारशाचा असो की मयतीचा, वाचल्याशिवाय काही कळत नाही. त्या फाडलेल्या कार्डांची मला अजून आठवण येते.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जळगावच्या दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हाची गोष्ट. न्यूमोनिया होता, वय झालेलं, आम्ही सगळे आतून हादरलेलो. पण आबा बरे झाले. डॉक्टर सकाळी म्हणाले, न्या घरी. माझा धाकटा भाऊ आनंदाने असा उडाला, की बिल भरण्याआधीच त्याने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा निरोप लिहून काढला. मी शाळेत मराठी शिकवलेलं, म्हणून पाठवण्याआधी फोन माझ्यापुढे धरला.

‘आबांना आज धरणगावला घरी आणत आहोत. चार वाजेपर्यंत सर्वांनी पोहोचावे.’

माझं डोकंच फिरलं. ‘‘अरे, हे काय लिहिलंस?’’

‘‘का ताई? घरीच तर आणतोय.’’

‘‘दवाखान्यातून घरी आणतोय आणि चार वाजेपर्यंत पोहोचा, हे आपल्याकडे कधी सांगतात?’’

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. मयताला लोक खोळंबू नयेत म्हणून वेळ सांगतात, बरा झालेला माणूस घरी येताना कोण सांगतं?

इतर कुणी चुकून रडत आलं असतं तरी मी एवढी घाबरले नसते. मला भीती अक्काची होती. अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण, धुळ्याला मुलाकडे राहते. छातीचं दुखणं. तिला वाचता येत नाही, सून वाचून दाखवते. आणि तिच्या बाबतीत हेच शब्द एकदा येऊन गेले होते. तिचे यजमान नाशिकच्या दवाखान्यात असताना शेजारच्या फोनवर कुणीतरी सांगितलं, त्यांना घरी आणतोय. अक्काला वाटलं, बरे झाले. तिने अंगण सारवलं, गोड शिरा केला. जीप दारात आली तेव्हा ती हसतमुखाने बाहेर गेली होती. त्यानंतर ‘घरी आणतोय’ हे शब्द ती एकाच अर्थाने ऐकते.

भावाने नवीन लिहिलं, ‘आबांची तब्येत ठीक आहे. काळजी करू नका. निघून या.’

हे तर त्याहून वाईट! आपली माणसं खरी बातमी दडवून नातेवाइकांना घराबाहेर काढतात ती नेमकं हेच बोलून. ‘काळजी करू नका, निघून या’ ऐकलं की माणूस पिशवीत कपडे कोंबायला लागतो. मग मीही लिहून पाहिलं. ‘आबा सुखरूप’, ‘आबांना बरं वाटतंय’. मला काही पटेना. जितका धीर द्यावा तितका संशय वाढत होता.

आबा खाटेवर बसून चहात बिस्कीट बुडवत होते. आमची कुजबुज ऐकून वैतागले. ‘‘काय चालनं रे तुमनं? अक्काले सांगा, आज येऊ नको. रविवारले ये, भरीत करसूत.’’

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आज येऊ नको! गेलेल्या माणसाच्या दारी कुणी येऊ नको म्हणत नाही, आणि मयताला कुणी रविवारपर्यंत थांबत नाही.

मी लिहिलं : ‘आबा बरे झाले. आत्ता चहा-बिस्कीट खात आहेत. दवाखान्यातून सुट्टी मिळाली. आज कोणीही येऊ नका, त्यांना आराम करू द्या. रविवारी सर्वांनी भरीत-पुरी खायला या, आबांनीच बोलावलं आहे.’

थोड्याच वेळात अक्काचा फोन आला. ती माझ्याशी बोललीच नाही, आबाले दे म्हणाली आणि थंडीत उघडं फिरल्याबद्दल त्यांना यथेच्छ झापलं. आबा लहान पोरासारखे मान डोलवत ‘हाव, हाव’ करत होते. किती बरं वाटलं मला! त्या रविवारी परसात काड्यांवर वांगी भाजली, अक्का खुर्चीत बसून पुऱ्या लाटणाऱ्यांच्या चुका काढत होती, आबा तिला अजून मीठ वाढ म्हणत होते. अशी रविवारची जेवणं आता होत नाहीत.

पुढच्या वर्षी आबा गेले. झोपेतच. ग्रुपवर निरोप मीच लिहिला. खाडाखोड करावी लागली नाही. ‘आबा गेले. अंत्ययात्रा दुपारी चार वाजता.’

अक्काच्या सुनेने नंतर मला सांगितलं. अक्काने तो निरोप तिच्याकडून तीन-तीनदा वाचून घेतला. म्हणत होती, ‘‘नीट वाच बेटा. काही दुसरं लिखेल व्हई.’’