मोघम शब्दांना बंदी

सूड म्हटला की लोकांना कोर्टकचेरी आठवते, मारामारी आठवते. माझा सूड छापील होता. चार-पाच शाळा आणि एक ज्युनिअर कॉलेज चालवणाऱ्या आमच्या संस्थेची पत्रव्यवहार पुस्तिका, पिवळ्या कव्हरची. हसा खुशाल. पण जिच्यावर बेतलं तिला विचारा, म्हणजे मला.

आधी माझ्यावर काय बेतलं ते सांगते. शिरूरला संस्थेच्या मुख्य कार्यालयात मी लिपिक होते. आमचे प्रशासकीय अधिकारी, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणायचे, त्यांनी एक दिवस मला सांगितलं, ह्या पत्राची जावक नोंद मागच्या तारखेनं घ्या. मी म्हटलं, "साहेब, ते मला जमायचं नाही." बस, एवढंच बोलले मी. आठवड्याभरात टेबलावर मेमो: "वारंवार तोंडी सूचना देऊनही आपल्या कामात अपेक्षित सुधारणा दिसून आलेली नाही. आपले वर्तन संस्थेच्या शिस्तीस बाधक आहे. तात्काळ खुलासा करावा."

कुठली सूचना? कधी दिली? कसलं वर्तन? काही नाही. मी दोन पानी खुलासा लिहिला, रात्रभर जागून नाही, तर भर दुपारी, रागारागानं. त्यावर साहेबांनी दोनच शब्द लिहिले, "खुलासा असमाधानकारक." आणि माझी बदली दौंडच्या शाळेत झाली.

राहायला शिरूरला आणि नोकरी दौंडला. सकाळी अंधारात घर सोडायचं, न्हावऱ्यावरून यायचं, चौफुल्याला एसटी बदलायची, संध्याकाळी पुन्हा उलटं. घरी दादा, म्हणजे माझे वडील, अंथरुणाला खिळलेले. विनंती अर्ज केले, ते साहेबांच्या टेबलावरून हलले नाहीत. दादा गेले तेव्हा मी दौंडच्या कार्यालयात दाखल्यांवर शिक्के मारत होते. घरी पोचले तर अंगण माणसांनी भरलेलं. त्या दिवसापासून मी त्या माणसाला माफ केलेलं नाही, आणि करायचंही नाही. मन मोठं करा म्हणणाऱ्यांनी आपलं आपलं मोठं करावं.

पुढं संस्थेत नवे सचिव आले. वयस्कर बागायतदार, सगळे त्यांना आबा म्हणतात. दौंडच्या शाळेचं दप्तर बघून त्यांनी मला परत शिरूरला आणलं, अधीक्षक केलं. साहेब होतेच तिथं, त्याच खुर्चीत. मला बघून म्हणाले, "अरे वा, बाई, आलात का परत!" जसं काही मी माहेरपणाला गेले होते.

मग पुण्याच्या शिक्षण कार्यालयानं आमचा एक प्रस्ताव परत पाठवला. एकाच गठ्ठ्यात संस्थेचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं. एका शाळेनं 'प्रभारी मुख्याध्यापक' लिहिलेलं, दुसरीनं 'इन्चार्ज सर'. कुठं विषयच नाही, तर कुठं विषय पाच ओळींचा. आबांनी गठ्ठा माझ्यापुढं टाकला.

"पोरी, ह्ये एका संस्थेचं कागद हायत का आठवडी बाजार? समद्यांनी एकसारखं लिहावं आसं कायतरी बांधून दे. पर जाडजूड नको. मास्तर लोक वाचत न्हाईत."

वाचत नाहीत हे खरंच. म्हणून मी आधी नियम लिहायला बसलेच नाही. सगळ्या शाळांकडून वर्षभरातली पत्रं मागवली. रजा, बदली, प्रस्ताव, पालकांची पत्रं, मेमो, असे ढीग लावले. जिथं सगळे आधीच एकसारखं लिहीत होते तिथं नियमाची गरज नव्हती. जिथं दहा जणांच्या दहा तऱ्हा, तिथंच एक तऱ्हा ठरवायची आणि बाकीच्या सोडून द्यायच्या. नियम थोडके, मग शब्दांची यादी, मग नमुने. प्रत्येक नियमाखाली दोन रकाने: 'असे नको' आणि 'असे लिहा'. 'असे नको'मधली वाक्यं आमच्याच पत्रांतली, नावं काढून.

मेमोच्या ढिगापाशी आले तेव्हा माझा हात थांबला. घरी कपाटात माझा मेमो होता. दुसऱ्या दिवशी तो पिशवीत घालून आणला आणि शब्द न् शब्द 'असे नको'मध्ये उतरवला. खाली नियम लिहिला: आरोप करताना घटना, दिवस, ठिकाण आणि आधार लिहावा. 'वारंवार', 'अनेकदा', 'अपेक्षित सुधारणा नाही' असे मोघम शब्द आधाराशिवाय वापरू नयेत. खुलासा अमान्य करताना कारणे लिहावीत. लिहिताना मला इतकं बरं वाटत होतं की शिपाईमामांनी विचारलं, "मॅडम, आज लई खुशीत?"

"व्हय मामा, आज श्राद्ध घालतेय एकाचं," मी म्हटलं.

मसुदा झाल्यावर सगळ्या मुख्याध्यापकांना बोलावलं. नुसतं 'कसं वाटलं' विचारलं की सगळे 'छान' म्हणतात, म्हणून मी त्यांना एकच प्रसंग दिला, ग्रंथालयाचं छत गळतंय, आणि पुस्तिका बघून पत्र लिहायला लावलं. जिथं पत्रं वेगवेगळी निघाली तिथं चूक त्यांची नव्हे, माझ्या नियमाची, असं धरून तो नियम पुन्हा लिहिला. दौंडचे सर 'मा.' सोडायला तयार होईनात. प्रत्येक नावामागं दर ओळीला 'मा.' शेवटी ठरलं, पत्त्यात एकदा घ्या, मजकुरात नको. त्यांनी तोंड एवढंसं केलं, पण ऐकलं.

मेमोचं पान आलं. साहेब शेजारीच बसलेले. चष्मा वर करून त्यांनी 'असे नको'चा रकाना मोठ्यानं वाचला, "वारंवार तोंडी सूचना देऊनही…" आणि हसले. खो-खो हसले हो! "कुणी लिहिलंय हे? काय ढिसाळ काम! ह्याच्यात आरोप कुठाय? बरोबर आहे बाई तुमचं, असली भाषा बंदच केली पाहिजे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षानुवर्षं मी ज्या वाक्यांवर एसटीत बसून दात खाल्ले, ज्यांच्यापायी मला बापाचं तोंड जिवंतपणी शेवटचं बघता आलं नाही, ती ह्या माणसाला आठवतसुद्धा नव्हती! मी फक्त एवढंच म्हटलं, "साहेब, मग मंडळाकडे जाणाऱ्या शिफारशीखाली सही करा." त्यांनी केली. झोकदार सही. कार्यकारी मंडळानं पुस्तिका मंजूर केली, परिपत्रक निघालं, अमुक दिवसापासून सगळ्यांना बंधनकारक, आणि शंका आली तर निर्णय अधीक्षकांचा.

पुस्तिका आली तरी जित्याची खोड कुठं जाते. काही महिन्यांनी केडगावच्या शाळेतल्या एका तरुण शिक्षिकेनं साहेबांच्या भाच्याच्या दुकानातून गणवेश घ्या असं पालकांना सांगायला नकार दिला. शिक्षणसेवक होती बिचारी, कायम व्हायची वेळ जवळ आलेली. साहेबांनी कागद माझ्याकडून न जाऊ देता, स्वतःच टाईप करून तिला मेमो धाडला: वारंवार सूचना देऊनही कामात अपेक्षित सुधारणा नाही. असा कागद फाईलला लागला की कायम होणं संपलंच.

पण ती माझ्यासारखी दोन पानं रडली नाही. तिनं चार ओळींचा खुलासा पाठवला, तोही आमच्याच नमुन्यात. पुस्तिकेतील मेमोच्या नियमानुसार कोणती सूचना, कोणत्या दिवशी, कोणी दिली, हे कळवावे, म्हणजे उत्तर देता येईल. आणि प्रत आबांना.

आबांनी साहेबांना बोलावलं. "सायेब, कवा दिली व्हती सूचना? एक तरी दिवस सांगा की." साहेबांना एकही सांगता येईना. पालकांना विचारलं तेव्हा गणवेशाचं बाहेर आलं. मेमो रद्द झाला आणि मंडळानं ठरवलं, आता खुलासा साहेबांकडून मागायचा. निवृत्तीनंतर ते संस्थेचे सल्लागार होणार होते, तो ठरावही अडकला. मेमोचा मसुदा कुणी करायचा? अधीक्षकांनी. म्हणजे मी!

संध्याकाळी साहेब माझ्या टेबलाशी आले. पहिल्यांदाच. उभेच राहिले.

"बाई, आपण एवढी वर्षं बरोबर काम केलं. जरा मोघम लिहा ना. 'काही प्रशासकीय त्रुटी आढळल्या' एवढं पुरे. त्यातून मला निघता येईल."

"मोघम बंद आहे, साहेब. तुमची सही आहे त्याखाली."

"अहो, पुस्तिका काय, माणसांसाठी असते."

मी ते पान उघडून त्यांच्यापुढं सरकवलं. "तुम्ही ज्याला हसलात ते वाक्य कुणाचं, ठाऊक आहे? तुमचं. मला लिहिलेलं." मग पिशवीतून मूळ मेमो काढून शेजारी ठेवला. त्यांनी खालची सही बघितली. झोकदारच होती ती पण. चेहरा पार उतरला. पुटपुटले, "मला… खरंच आठवत नाही, बाई."

"माझे वडील गेले त्यात. मला आठवतं."

ते गेल्यावर मी मसुदा केला. रंगवून लिहायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. 'लाजिरवाणे', 'निर्लज्ज', सगळे शब्द जिभेवर होते. एकही लिहिला नाही, नियम माझाच होता. घटना, दिवस, ठिकाण, आधार. वाचल्यावर कळलं, शिव्यांपेक्षा हे कितीतरी झोंबणारं आहे. ह्यात निसटायला फटच नाही.

त्यांचा खुलासा आला, लांबलचक, गैरसमज, हितशत्रू, दीर्घ सेवा. मंडळानं तो अमान्य केला आणि तसं टिपण लिहायला मला सांगितलं. त्यांनी मला दोन शब्दांत संपवलं होतं. मी त्यांना एकेक कारण क्रमानं लिहून दिलं, प्रत्येकाला आधार जोडून. सल्लागाराचा ठराव मागे घेतला गेला.

केडगावची ती पोर कायम झाली. पेढे घेऊन आली तेव्हा पाया पडायला लागली, मी म्हटलं, "उठ गं, तू काय, मी काय."

आबा नंतर म्हणाले, "पोरी, तुझा त्यो जुना मेमो रद्द करून टाकू. आन् पुस्तिकेतनं बी काढ आता. झालं ना समाधान?"

रद्द करा म्हटलं, आनंदानं. पण पुस्तिकेतनं काढायचं नाही. आता दुसरी आवृत्ती निघालीय. नवा लिपिक आला की मी त्याला आधी तेच पान वाचायला लावते, मोठ्यानं. प्रत्येक जण वाचून हसतो आणि विचारतो, "मॅडम, कुणी लिहिलंय हो हे?"

पुस्तिकेत नावं छापायची नाहीत असा नियम आहे. तोंडानं सांगू नये असा नियम मी केलेला नाही.