वच्छीमावशीच्या नावाचं मूळ

आमच्या जिन्याच्या तळाशी, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत वच्छीमावशीचं पाळणाघर आहे. बाहेरच्या खोलीत सतरंजी, भिंतीला टेकवलेल्या गाद्या, खिडकीच्या गजाला वाळत घातलेली लाळेरी. आतल्या खोलीत झोपणारी बाळं आणि झोपायचं नाटक करणारी थोडी मोठी मंडळी. मी रोजची पूजा आटोपून खाली उतरते ती भाजी आणायला म्हणून, पण पिशवी खुंटीला अडकवून तासभर तिथंच बसते. घरात कुणी विचारलं तर मी म्हणते, "बाळांतही देवच असतो."

मावशीची एक पद्धत आहे. नवीन बाळ आलं की दूध कधी, औषध कुठलं, हे विचारण्याआधी ती आईला विचारते, "नावाचा अर्थ काय?" आई गोंधळते, मग सांगते. मावशी तो अर्थ डोक्यात पक्का बसवते आणि बाळ रडायला लागलं की नावानं नाही, अर्थानं समजावते. "अगं, तू तर नदी! नदी कधी अशी एका जागी बसून रडते का?" "अरे सूर्या, तूच असा तोंड पाडून बसलास तर आमच्याकडे उजाडायचं कसं?" बाळांना काय कळतं देव जाणे, पण गप्प होतात खरी.

यंदा तिच्या मुलाला मुलगी झाली. सून मोकळी, हसरी पोर. तिनं सरळ सांगितलं, "आई, हिला तुमचंच नाव ठेवायचं."

मावशी दुपटी धूत होती. मागे वळूनही न बघता म्हणाली, "माझं नको. दुसरं काहीही ठेवा."

"का हो?"

"त्याला अर्थ नाही. ते नुसतं हाक मारायला आहे."

सुनेला वाटलं, सासूबाई संकोचतात. पण मुलानं आग्रह धरला तशी मावशी चिडली आणि मग खरं काय ते बाहेर पडलं. मावशीचे वडील गाई राखायचे. ही जन्मली त्याच दिवशी गोठ्यात गाय व्यायली होती. मोठे भाऊ हिला आयुष्यभर चिडवत आले, की घरातले सगळे वासराकडेच बघत होते, तुझ्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती, म्हणून वासराचंच नाव तुला चिकटवलं. "उरलेलं नाव आहे माझं," ती म्हणाली. "माझ्या नातीच्या गळ्यात मी ते बांधणार नाही."

त्या दिवसापासून ती नातीला कुठल्याच नावानं हाक मारेना. "हिला घे", "ही उठली" असं चाललेलं. सगळ्या जगाच्या बाळांचे अर्थ पाठ असलेली बाई स्वतःच्या नातीला "ही" म्हणते, हे मला बघवेना.

सुनेनं फोनवर नावांची यादी उघडली. वच्छी सापडलं नाही. वच्छला सापडलं, त्यापुढे लिहिलेलं, "सुंदर." वत्सला वेगळ्या पानावर, तिथेही "सुंदर." मग गंमत म्हणून तिनं शेजारची नावं बघितली. ती सगळीच सुंदर.

"म्हणजे लिहिणाऱ्याला कंटाळा आला असणार," मुलगा म्हणाला.

"आणि आईंचं नेमकं नाव कुठलं?" सुनेनं विचारलं. "शाळेच्या दाखल्यावर वत्सला आहे, बँकेत वच्छला, आणि सगळे म्हणतात वच्छी."

"तीन बायका आहेत मी," मावशी आतून ओरडली. "एकीला तरी चहा द्या!"

मी म्हटलं, मी शोधते. माझ्या डोक्यात एक विचार आलाच होता. लक्ष्मीला कुणी लछमी म्हणतात. म्हणजे क्ष चा छ होतो. मग वच्छ म्हणजे वृक्ष असणार. मी ताबडतोब खाली जाऊन सांगितलं, "मावशी, तुझं नाव म्हणजे झाड!"

ती हरखली. "झाड? झाड बरंय गं. सावली देतं, काही मागत नाही." दिवसभर पोरांना सांगत होती, "या, झाडाखाली बसा." संध्याकाळी मी डायरीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, आज एक चांगलं काम हातून झालं.

दुसऱ्या दिवशी माझे दीर आले. ते भाषेचे शिक्षक, आता निवृत्त. कौतुकानं त्यांना सांगितलं, तर त्यांनी कप खाली ठेवला.

"वहिनी, क्ष चा छ होतो हे बरोबर. जुन्या बोलीत वृक्षाचं वच्छ झालेलंही आहे. पण छातीला वक्ष म्हणतात, त्याचंही वच्छ झालं. आणि वत्स म्हणजे वासरू, त्याचंही वच्छच. तीन वाटा एकाच चौकात येतात. नुसतं चौकात उभं राहून माणूस कुठून आला ते कसं सांगणार?"

"मग कसं सांगायचं?"

"त्याच्या अंगावरचं सामान बघायचं. नावाला शेवटी ला आहे. वृक्षल असा शब्द ऐकलाय कधी? वक्षल?"

नव्हता ऐकला.

"आणि वत्सल?"

रोज सकाळी मी देवाची नावं घेते. त्यात भक्तवत्सल येतं. इतक्या वर्षांत ते जिभेवरून किती वेळा गेलं असेल, पण थांबून बघितलं नव्हतं. देवाला हात जोडून मनातल्या मनात म्हटलं, समोर ठेवलं होतंस की रे!

पण लगेच दुसरी बाजू लक्षात आली. वत्स म्हणजे वासरू. म्हणजे भाऊ चिडवत होते ते खरंच. आणि मी तिला झाड करून बसले होते.

"भाऊजी, आता तुम्हीच चला खाली. मी एकटी नाही जाणार."

मावशी भात कालवत होती. मी चाचरत सांगितलं की झाड नव्हे. तिनं घास मध्येच थांबवला. "मग?"

भाऊजी सतरंजीवर मांडी घालून बसले. "आधी ही तीन नावं एकच आहेत ते दाखवतो," म्हणाले आणि समोरच्या पोरांना म्हणाले, "म्हणा रे, वत्सला!"

"वच्चला!" एक पोरगी म्हणाली.

"वच्छा!" दुसरा.

"वत्... वत्... भूक!" तिसरा.

"बघा," भाऊजी म्हणाले. "त म्हणायला जीभ दातांना टेकते, लगेच स साठी सुटायला हवी. घाईत ती जरा मागं, टाळूकडे सरकते आणि दोन्ही मिळून च्छ होतो. या पोरांच्या तोंडात आज झालं ते कित्येक पिढ्यांच्या तोंडात झालंय. पण एका शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, जोडीदार शोधायचा. मत्स्याचं मच्छ झालं, पुढे झिजून मासा. तसंच वत्साचं वच्छ झालं, आणि पुढे वासरू. शाळेच्या बाईंनी संस्कृत रूप लिहिलं, बँकेतल्या माणसानं कानावर पडलं ते लिहिलं, घरच्यांनी ला गाळून लाडानं ई लावली. चूक कुणीच केली नाही. एकाच झाडाच्या फांद्या."

"झाड नाही म्हणालात ना आत्ता?" मावशी म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "म्हणजे वासरूच शेवटी."

"नाही!" मी इतक्या जोरात म्हणाले की आतलं एक बाळ दचकलं. "मावशी, मांसल म्हणजे मांस नव्हे, मांस असलेला. तसं वत्सल म्हणजे वासरू नव्हे. वासरावर जीव असलेली. गाय, गं! वासराला चाटते ती."

भाऊजींनी मान डोलावली. "वहिनींनी बरोबर पकडलं. आधी गाईची वासरावरची माया, मग आईची लेकरावरची, मग देवाची भक्तावरची."

मावशीला पुस्तकातलं पटतं, पण पुरत नाही. तिनं भाताचा हात धुतला, पदराला पुसला आणि सुनेला म्हणाली, "आक्काला फोन लाव."

आक्का तिची थोरली बहीण, त्या दिवशी भावंडांत जाणती तीच होती. फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"आक्का, माझं नाव कुणी ठेवलं?"

"आता गं काय झालं तुझ्या नावाला? हरवलं का?"

"सांग ना. वासरावरून ठेवलं का?"

"वासरू? कुणी सांगितलं? त्या दोघा टोणग्यांनी का? अगं, ते दोघे त्या दिवशी अंगणात गोट्या खेळत होते, त्यांना काय ठाऊक! गाय व्यायली होती हे खरं. वासरू अशक्त होतं, उठेना. सगळे म्हणाले, जातंय. ती गाय त्याला चाटायची थांबेना. बाबा तिच्याजवळ बसून होते. पहाटे वासरू उभं राहिलं. मग बाबा आत आले, तुला उचललं आणि म्हणाले, हिचं नाव वत्सला. गाईवरून ठेवलं, वासरावरून नाही. आईला ते त आणि स काही जमेना, म्हणून वच्छी."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? सगळ्या गावाच्या पोरांचे अर्थ विचारत बसतेस!"

फोन ठेवल्यावर मावशी बराच वेळ वाळलेल्या लाळेऱ्यांची घडी घालत राहिली. घातलेली मोडत होती, पुन्हा घालत होती. एक थेंब लाळेऱ्यावर पडला. "पोरांनी पाणी सांडलं वाटतं," ती म्हणाली. पोरं तिच्यापासून लांब, जेवत होती.

सून हळूच म्हणाली, "मग आई, ठेवायचं ना? पण कसं लिहायचं? वत्सला की वच्छला? आणि इंग्रजीत व्ही की डब्ल्यू?"

"इंग्रजीत आपल्या व ला नेमकं अक्षर नाही," भाऊजी म्हणाले. "म्हणून कुणी हे घेतं, कुणी ते. एक ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा, म्हणजे झालं. नाव तेच राहतं."

"हिचं वत्सला लिहा," मावशी म्हणाली. "बाबा बोलले तसं. माझं बँकेत आहे ते असू दे, आता या वयात कुठं बदलत बसू? आणि हाक कोण काय मारेल ते त्याच्या जिभेवर."

मुलानं बाळ तिच्या मांडीवर दिलं. बाळ जागं होतं, पंख्याकडे बघत होतं. मावशीनं तिच्या कपाळावरचं जावळ बोटानं मागं सारलं आणि पहिल्यांदाच हाक मारली, "ए वत्सला!"

बाळानं तिच्याकडे बघितलं. आणि मावशीच म्हणाली, "ओ."

मग तिचं तिलाच हसू आलं.