दोन मिलिमीटरचा पतंग

संक्रांतीनंतरचा तिसरा शनिवार, सकाळी अकरा. रक्कम चारशे रुपये, प्रिंटसकट. हजर मी आणि शहाद्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या फोटो स्टुडिओचे मालक. त्यांच्या वडिलांचं पतंगाचं दुकान होतं. तेच दुकान आता स्टुडिओ झालं आहे.

काम असं होतं. संक्रांतीला वडिलांनी आमच्या गच्चीवर पतंग उडवला. फेब्रुवारीत त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि पुढे जिना चढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे तो त्यांचा शेवटचा पतंग. मी मागून, जरा डाव्या बाजूने, मोबाइलवर फोटो काढला. चेहरा बाजूने दिसतो, हसरा आला आहे. पण उजेड जास्त पडल्याने आभाळ कोरं पांढरं झालं. हातापासून वीतभर दोर दिसतो, पुढे काही नाही. फोटो पाहून वडील एवढंच म्हणाले, “मन्हा पतंग कोठे शे?” असा फोटो भिंतीवर नको, असंही म्हणाले. चूक माझी होती, म्हणून फोटोत पतंग घालून घेऊन भरपाई मी करायची ठरवली.

पहिल्या प्रिंटमध्ये मालकांनी लाल पतंग घातला, चेहऱ्याएवढा. मी विचारलं तर म्हणाले, “दादा, ल्हान करा तं दिसी कोनले?”

घरी वडिलांनी प्रिंट हातात धरली. “हाऊ पतंग शे का पापड? गच्चीवरच पडी ऱ्हायना ना.”

त्या संध्याकाळी मी हिशोब मांडला. वडील दोर हात मोजत सोडतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एकशेऐंशी हात सोडला होता, म्हणजे साधारण ऐंशी मीटर. मी त्यांच्यापासून दोन मीटरवर होतो. पतंग त्यांच्यापेक्षा चाळीसपट लांब. पतंग पंचावन्न सेंटिमीटरचा, चेहरा बावीसचा, म्हणजे पतंग अडीच चेहऱ्यांएवढा. प्रिंटवर चेहरा साडेतीन सेंटिमीटर येतो. त्याची अडीचपट करून चाळिसाने भागलं, तर दोन मिलिमीटर आणि थोडं वर.

कागद मालकांना दाखवला. ते हसले, पण त्यांनी तेवढाच केला. रंगही फिका केला. लांबची वस्तू आभाळाच्या रंगाकडे झुकते, गडद ठेवली तर चिकटवल्यासारखी दिसते, असं त्यांनी सांगितलं. हातातल्या दोराच्या रेषेवर पट्टी ठेवून मी जागा दाखवली आणि त्या जागी त्यांनी ठिपका बसवला. मला वाटलं, आता चूक राहिली नाही.

वडिलांनी भिंग लावून पाहिलं. “माप बरोबर शे. जागा चुकनी.” कुठे ते सांगेनात. म्हणाले, मला तिथे घेऊन चल.

सोमवारी रिक्षाने त्यांना स्टुडिओत नेलं. खुर्चीत बसल्याबरोबर त्यांनी मालकांकडे मांजा मागितला. जुन्या दुकानातली एक फिरकी माळ्यावर होतीच. एक टोक मालकांनी माळ्यावर बसूनच कडेला धरलं, दुसरं मी दाराशी उभा राहून.

“ढिला सोड. आते दख, तुन्हा हातमधला दोर कोठे जाई ऱ्हायना?”

दोर माझ्या हातातून निघताना माळ्याच्या बराच खाली रोखलेला होता आणि पुढे वळून वर चढला होता.

“दोरले झोल ऱ्हास. तुनी पट्टी लाई. मन्हा हातमा काय लोखंडनी सळई व्हती?”

मालक माळ्यावरून म्हणाले, “बाबा, मन्हा बापनी हाईच सांगं व्हतं. मी इसरी गऊ.”

हिशोबात मी दोराची लांबी धरली होती, वजन धरलं नव्हतं.

पतंग रेषेपासून दोन बोटं वर सरकवला. दोराची वळणदार रेघ काढली, हातापाशी स्पष्ट, वर जाता जाता पुसट, आणि अर्ध्यावर संपवली, कारण तेवढ्या लांबून दोर डोळ्यालाही दिसत नाही. मग वडील म्हणाले, “आनि मी एकटाच का? पेच कोनासंगे लावू?” तेव्हा आणखी दोन पतंग आले. एक शेजारच्या गच्चीवरचा, वीस मीटरवरचा, म्हणून चौपट मोठा. एक त्यांच्या पतंगापेक्षाही लांब, जेमतेम ठिपका. कोणता कुठे, ते वडिलांनी बोटाने दाखवलं. त्या दिवशी खरंच तसे होते का, मी विचारलं नाही. प्रिंटच्या मागे मात्र मी लिहिलं: तिन्ही पतंग नंतर घातले आहेत.

वडिलांनी ते वाचलं आणि म्हणाले, “लिख. पन पुढनी बाजू भिंतवर लाव.”

फोटो त्यांच्या पलंगासमोर लावला आहे. पाहुण्यांना पतंग दिसत नाही, मग वडील सांगतात कुठे पाहायचं.

स्टुडिओतून निघतानाच मालकांना ठरलेले चारशे दिले आणि वाया गेलेल्या दोन प्रिंटच्या कागदाचे शंभर. शंभर ते घेत नव्हते. वडिलांनी आपल्या खिशातून काढून त्यांच्या टेबलावर ठेवले. एकूण पाचशे, रोख.