खुंटीवरचा एप्रन

माझ्या एका सुटसुटीत वाक्यामुळं जळकोटजवळच्या डेअरीतली एक बाई तक्रार न करताच माघारी गेली.

झालं असं. डेअरीनं आचारसंहितेचा मराठी मसुदा माझ्याकडं सोपवला होता. निवृत्त मराठी मास्तर, दुसरं काम काय! लैंगिक छळाच्या तक्रारीचं कलम मुळात लांबलचक होतं. वाटल्यास वरिष्ठाला सांगावं, पण तसं बंधन नाही. थेट अंतर्गत समितीकडं लेखी तक्रार करता येते. आता आपल्याकडं रजा असो की उचल, सगळं मुकादमामार्फत. मीही सवयीनं लिहून मोकळा : ‘तक्रार प्रथम मुकादमाकडे द्यावी.’ कौतुकाच्या घाईत तपासणीआधीच फलकावर चिकटवलंसुद्धा.

समितीच्या अध्यक्षा शिवलीलाताई, दूध तपासणी विभागाच्या प्रमुख. सरपंचाचा कॅनही पाणी निघालं की परत पाठवणाऱ्या. त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. दाराशेजारच्या खुंटीवर एक एप्रन होता. खिशावर निळ्या दोऱ्यानं नाव : हर्षाली.

“ही कोण?”

“पॅकिंगला व्हती, तुमच्या कागदाच्या आदी. मुकादमाविरुद्धच तक्रार, अन् तिला वाटलं मुकादमाकडूनच जावं लागतं. एक दिवस आलीच न्हाय. फोन बंद, घराला कुलूप.” ताई बाटली हलवत राहिल्या. “काल एकजण माज्या दारापतूर आली. फलकावरचा तुमचा कागद वाचला. वळली. पाठ अगदी हर्षालीवानी.”

“कोण होती?”

“ते न्हाय सांगायचं, गुरुजी.”

पंख्यानं एप्रनची बाही हलली. मी उगाच खुर्ची सरकवून बसलो.

मग कलम नव्यानं लिहिलं. ताई एकेक शब्द दुधासारखा तपासत होत्या. “‘थेट’ हवंच. घटनेपासून तीन महिने, अन् योग्य कारण असलं तर समिती ती मुदत कारण लिहून आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते, हे गाळू नका. जिला लिहिता येत न्हाय तिला समितीनं लिहायला मदत करायची, तेबी.” मी म्हटलं, “वाक्य बोजड होतंय.” त्या म्हणाल्या, “व्हऊ द्या. हलकं वाक्य बघितलं आपण.” शेवटी गुप्ततेचं कलम मी स्वतः, फार ऐटीत, लिहिलं.

जुना कागद रद्द झाल्याचं सांगून नवा प्रत्येक पाळीत मोठ्यानं वाचला. वाचताना मला साऱ्या बायकांच्या पाठीच दिसत होत्या, यातली कोणती?

आठवड्यानं गेलो, तर ताईंचं दार आतून बंद. बाहेर चपलांचे दोन जोड. ते बघून मी वऱ्हांड्यातच थांबलो. बऱ्याच वेळानं ताई एकट्याच बाहेर आल्या. आत कुणीतरी नाक ओढलं. दाराच्या फटीतून एप्रन दिसत होता, तसाच.

“ताई, त्या दिवशी माघारी वळलेली तीच आली का हो? एवढं तरी सांगा.”

“गुप्ततेचं कलम तुमीच लिवलंय, गुरुजी, वाचा.”