सरळ रेघेचा सूड

कुंदा यवतमाळच्या आरोग्य कचेरीत नोकरीला आली ती पगारासाठी नव्हे, तिथल्या साहेबांचं, वामनरावांचं, उट्टं काढायला. अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात देवीच्या साथीत कळंबला तिच्या बहिणीची, सुचित्राची, तान्ही मुलगी नलू गेली. त्याआधीच्या हिवाळ्यात देवी टोचणारी माणसं या साहेबांनी दुसऱ्या कामाला लावली होती. का, तर त्यांच्या आलेखावरची रेघ छान उतरत होती.

आकडेमोड शिकून आलेल्या कुंदाला आता त्या रेघेतली लबाडी कळली. देवी दर फाल्गुन-चैत्रात चढते आणि पावसाळ्यात ओसरते. न टोचलेली पोरं साठत गेली की पाच-एक वर्षांनी मोठी उसळी घेते. आणि वर्षानुवर्षांचं बघितलं तर एकूण कमी होत चालली आहे. वामनराव पाच वर्षांची फिरती सरासरी काढत. पाच वर्षांत एक उसळी येतेच, ती पाचांत वाटली जाई आणि उरे ती गुळगुळीत उतरण. उतरण खरी होती, पण पुढच्या वर्षाबद्दल ती काहीच सांगत नव्हती.

बासष्टच्या दिवाळीनंतर साहेबांनी पुन्हा तीच रेघ काढली आणि टोचणाऱ्यांना हलवायचा कागद तयार केला. कुंदाला मनातून उकळ्या फुटल्या. उसळीची पाळी आलीच होती. गप्प बसायचं, सही होऊ द्यायची, चैत्रात हा माणूस तोंडावर आपटेल!

टोचणारा बाबूसिंग निरोप घ्यायला आला. "बाई, आमच्या तांड्यातल्या नव्या पोरांले अजून टोचलं नाही. थांबू का जाऊ?"

कुंदाला त्याच्याकडे बघवेना. दात-ओठ खात ती उठली आणि वर्षावर्षाचे कच्चे आकडे मांडलेला कागद तिनं साहेबांपुढे आपटला.

"हे सुळके बघा, सर. येत्या चैत्रात असाच सुळका आला, तर कागदावर सही तुमची असेल."

वामनरावांना खुर्ची प्यारी होती. माणसं हलली नाहीत. हिवाळाभर टोचणी झाली, त्रेसष्टचा उन्हाळा आला आणि जिल्ह्यात तुरळक रोगी सोडले तर काही झालं नाही.

सरासरीचा ठिपका पाचांतल्या मधल्या वर्षावर पडतो, म्हणून त्यापुढची दोन वर्षं हातात लागतात. एकसष्टचा ठिपका चौसष्टच्या सुरुवातीला पडला. एकोणसाठ ते त्रेसष्ट, पाचांत एकही उसळी नाही! रेघ धाडकन खाली आली. वामनरावांची वाहवा झाली, बढती झाली, आणि निरोपाचा हार घालायला कुंदालाच पुढे ढकललं. तिनं तो घातला.

त्या रविवारी ती कळंबला गेली. सुचित्रानं दारातच विचारलं, "काढलंस उट्टं?"

"नाही. त्याले बढती भेटली."

"अन् पोरं?"

"वाचली."

सुचित्रा उंबऱ्यावरच टेकली.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "मंग माहा जीव काहून जळून राह्यला, कुंदे?"