तीन गाड्या आणि मागची सीट

रविवार, १८ जानेवारी. हजर: मी; माझी आई, दिवाणावर, पाय पोटाशी घेऊन. फोनवर, सात मिनिटं: मुलगा, पुण्याहून. विषय: गाडी.

सरकारी महाविद्यालयाच्या भांडार विभागात माझी सत्तावीस वर्षं गेली. बैठकीचं इतिवृत्त मी असंच सुरू करते, म्हणून घरच्या वहीतही हात तसाच चालला. दोनच माणसांची उपस्थिती लिहायला किती कमी जागा लागते ते त्या दिवशी दिसलं.

जुनी गाडी माझ्या नवऱ्याची. ते जाऊन सहा वर्षं झाली. गाडी बुटकी, आणि आईचे गुडघे गेलेले. दर महिन्याला मी तिला सालेकशाहून गोंदियाला आणते, डोळ्यात सुई देऊन दोन दिवस घरी ठेवते आणि परत सोडते. मागच्या खेपेला गाडीतून उतरताना ती तोल जाऊन दारावर आपटली. त्यानंतर तिनं जाहीर केलं की आता सुई नको, एका डोळ्यानं दिसते तेवढं पुरे. आता संक्रांतीला आली होती तीही नुसती राहायला. गाडी बदलणं तेव्हा ठरलं. पण कोणती, यात अडीच महिने गेले.

तीन गाड्या काढल्या होत्या. एक छोटी, एक उंच, एक लांब डिकीची. सोमवारी छोटी पसंत पडायची. बुधवारी कचेरीतलं कोणी म्हणायचं, मॅडम, हायवेवर छोटी हलते, की मी उंच गाडीवर यायचे. शुक्रवारी मुलाचा फोन, मग लांब. सोमवारी पुन्हा छोटी. कचेरीत तीन दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता मी अर्ध्या तासात करते, तो घरी का करत नाही, असं स्वतःला विचारून त्या रविवारी चहानंतर वही उघडली.

कचेरीत सोपं असतं. अटी पूर्ण करणाऱ्यांत ज्याचा दर कमी, त्याचा माल. इथं तिन्ही गाड्या माझ्या किमतीच्या मर्यादेत होत्या आणि तिन्हींचं सर्व्हिस सेंटर गोंदियात होतं, म्हणजे अटी सगळ्यांनीच पार केल्या. म्हणून मुद्दे पाडले आणि प्रत्येकाला वजन दिलं, एकूण शंभर. सुरक्षितता वीस, चढ-उतार दहा, मागची जागा आणि डिकी तीस, इंधन पंधरा, दुरुस्ती दहा, गल्लीत वळवणं पंधरा. मायलेज आणि महिन्याचा पेट्रोलखर्च मी आधी वेगळे लिहिले होते. ती एकच गोष्ट दोनदा मोजली जात होती, एक खोडली. मग प्रत्येक गाडीला प्रत्येक मुद्द्यावर एक ते पाच गुण. गुण गुणिले वजन, खाली बेरीज. लांब गाडी ३७०, उंच ३६५, छोटी ३४०.

मुलाला फोन केला.

"बघ, मी म्हटलंच होतं," तो म्हणाला. "आम्ही तिघं आलो की मागे नीट बसता येईल. बॅगा पण मावतील."

"कधी येता?"

"बघू ना. एप्रिलमध्ये पोरीची परीक्षा संपली की. तू तो तक्ता पाठव मला, मी नजर टाकतो. ठेवू का? मीटिंग आहे."

"रविवारी?"

"आई, रविवारीच असते आता."

दिवाणावरून आईनं विचारलं, "का म्हणते तो?"

"मोठी घे म्हणतो."

"कायले? बसतेस त एकटीच."

मी म्हटलं, तूही बसतेस. ती म्हणाली, "मी कितीशी जागा घेतो? कोंबडीएवढी."

तिचं बोलणं सोडून द्यायचं ठरवून मी बेरजा तपासल्या. बरोबर होत्या. पण पाच गुणांचा फरक म्हणजे फरक नव्हे, आणि तो कुठून आला हे उघड दिसत होतं. सगळा त्या तिसांतून आला होता. मागच्या जागेला तीस कुणी दिले? मीच. कशावरून? ते काही आठवेना. मग कपाटातून गाडीचं लॉगबुक काढलं. सरकारी गाडीचं ठेवतात तसं मी माझ्या गाडीचंही ठेवते: तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, सोबत कोण. कचेरीत यावरून मला पुष्कळ चिडवतात.

मागच्या बारा महिन्यांच्या नोंदी एकशे तेरा. आई सोबत, पुढच्या सीटवर: सव्वीस. मागे कोणी बसलेलं: आठ, सगळ्या दिवाळीच्या पाच दिवसांतल्या. उरलेल्या एकोणऐंशी नोंदींत 'सोबत' या रकान्यात मी आडवी रेघ मारली होती. मुर्री गाव, बाजार, बँक, कचेरी, तिरोड्याचं एक लग्न. पानामागून पान रेघ. लिहिताना ती रोज एकच असते. मोजायला बसल्यावर मात्र बोट ठेवून ठेवून जावं लागलं.

इथं मी थांबले. गुण पाहिल्यावर वजनं बदलणं म्हणजे निविदांची पाकिटं उघडल्यावर अटी बदलणं. असला तक्ता माझ्याकडे आला असता तर मी परत पाठवला असता. पण पहिली वजनं नोंदीवर नव्हती, ती आमचं घर तीन माणसांचं होतं तेव्हाची होती. आता नोंद समोर होती. मागच्या जागेचे तीसचे दहा केले. निघालेल्या विसांपैकी पंधरा चढ-उताराला, पाच गल्लीतल्या वळणाला. उंच गाडी ४००, छोटी ३५५, लांब ३१०.

तरी उंच गाडीला चढ-उतारात पाच गुण मी आईला न बसवताच दिले होते. दुपारी तिला घेऊन शोरूमला गेले. विक्रीवाला मुलगा समंजस होता. "माताजी, पहले बैठिए, फिर पैर अंदर," असं म्हणून त्यानं दार धरलं. छोट्या गाडीत ती बसली आणि म्हणाली, "हे त धानाच्या बांधीत उतरल्यावानी वाटते." लांब गाडीतून तिला दोघांनी ओढून काढावं लागलं. उंच गाडीत तिनं वरची मूठ धरली, एक पाय टेकवला, थोडी थांबली आणि आपली आपण बसली. उतरताना मात्र पाय जमिनीपर्यंत पोचायला मला हात द्यावा लागला.

"जमते," ती म्हणाली. "येईन मंग सुईले."

त्याच काउंटरवर पाचाचे चार केले. उंच गाडी ३७५. मग सुरक्षिततेचे पाच काढून इंधनाला दिले, नंतर उलट करून पाहिलं. एकदा फरक पाचांवर आला, पण पहिली ती पहिलीच राहिली. बुकिंग केलं. अडीच महिन्यांचं फिरणं त्या एका दिवसात संपलं, आणि घरी येताना रस्त्यात आई झोपून गेली.

ते पार पडलं. मुलाला तक्ता पाठवायचा राहिला आहे. दोनदा मागितला त्यानं. आमच्या पद्धतीत वजन बदललं की शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहावं लागतं, नाहीतर तक्ता अपुरा. चढ-उतारासमोर लिहिलं आहे: प्रत्यक्ष बसवून पाहिले. वळणासमोर: गल्ली नऊ फूट. मागच्या जागेसमोर, तीसचे दहा, हे दोन आकडे आहेत आणि पुढचा शेरा अजून लिहायचा आहे.