भिंतीवरचं इंग्रजी

आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर निळ्या रंगात तीन इंग्रजी वाक्यं आहेत. 'डोंट डू मिस्टेक्स. मेक हार्ड वर्क. मेक अ फेवर टू युवर पेरेंट्स.' खाली 'सौजन्य' म्हणून आप्पांचं नाव, आणि ते वाक्यांपेक्षा मोठं. आप्पा म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. ऊस भरपूर, पाटसच्या कारखान्यात वजन, गावात शब्द. इंग्रजीशी त्यांचा संबंध रंगाचे पैसे दिले एवढाच. मोबाइलवर कुणीतरी उलटंसुलटं भाषांतर करून दिलेलं पेंटरनं जसंच्या तसं उतरवलं आणि आम्ही त्यांना शाल-श्रीफळ दिलं.

मी इंग्रजी शिकवते. रोज सकाळी वरवंडला बसमधून उतरून शाळेत पोचले की पहिलं दर्शन या भिंतीचं, आणि मला अक्षरशः शिसारी येते.

आमच्या मुलांची गोची मला पक्की ठाऊक आहे. मराठीत आपण चूकही करतो, उपकारही करतो, गृहपाठही करतो, गोंगाटही करतो. एक 'करणे' सगळीकडे धावून येतं. इंग्रजीत तिथं दोन शब्द उभे राहतात. चूक 'मेक' करायची, गोंगाट 'मेक', निर्णय 'मेक', वचनसुद्धा 'मेक'. गृहपाठ मात्र 'डू', भांडी 'डू', कुणावर उपकार 'डू'. नवीन काही तयार होत असेल तर बहुधा 'मेक' आणि काम उरकायचं असेल तर बहुधा 'डू', असं मी सांगते. पण या 'बहुधा'वर फार भार टाकू नका, असंही सांगते. शेवटी जोड्या तोंडात बसवाव्या लागतात. आपल्याला भूक लागते आणि झोप येते. 'मला भूक आली' म्हटलं की गावातलं शेंबडं पोरही हसतं, तिथं कुठला नियम शिकवला होता कुणी?

मागच्या वर्षी शाळेत इंग्रजीसाठी मानधनावर एक शिक्षिका घ्यायची होती. अर्ज आले, त्यात माझीच एक जुनी विद्यार्थिनी होती. बी.एड. झालेली. तिच्या आईला अर्धांगवायू झालेला, घरात दुसरं बाईमाणूस नाही. शाळेपासून घर हाकेच्या अंतरावर. मधल्या सुट्टीत जाऊन आईला दोन घास भरवून परत येता येईल, एवढ्यासाठी तिला ही नोकरी हवी होती. मानधन किती हेसुद्धा तिनं विचारलं नव्हतं.

निवडीची रीत अशी की उमेदवारानं आठवीच्या वर्गावर एक पाठ घ्यायचा, आणि मागच्या बाकांवर आप्पा, मुख्याध्यापक आणि मी बसून बघायचं. पाठ 'डू' आणि 'मेक'चा ठेवला, तो मीच सुचवला होता.

पोरीनं सुरेख शिकवलं. फळ्यावर काही लिहिलंच नाही आधी. एका मुलीला उभं करून विचारलं, "सकाळपास्नं काय काय केलंस सांग बरं." मुलगी म्हणाली, चहा केला, भांडी घासली, भावाशी भांडण केलं, अभ्यास केला. मग एकेक घेऊन तिनं जोड्या लावून घेतल्या. चहा 'मेक', भांडी 'डू', अभ्यास 'डू'. भांडणापाशी हसून म्हणाली, "याला दोन्ही नकोत, 'फाइट' एकटाच पुरतो." वर्ग खिदळला. मला मनातून फार बरं वाटलं.

मग चूक आली. तिनं 'मेक अ मिस्टेक' म्हणून घेतलं आणि खिडकीजवळची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, पर भित्तीवर तर 'डू' लिव्हलंय."

मुख्याध्यापक खोकले. शिकवणाऱ्या पोरीनं आप्पांकडे पाहिलं, मग त्या मुलीकडे पाहिलं.

"भिंतीवरचं चुकलंय," ती म्हणाली. "तिथंही 'मेक' पाहिजे. आणि उपकाराला 'डू' पाहिजे. पेंटरकडनं अदलाबदल झालीय." पेंटरवर ढकलून तिनं आप्पांची लाजसुद्धा राखली. यापेक्षा अदबीनं खरं कसं बोलायचं, हे मला आजही सांगता येणार नाही.

नंतर ऑफिसात चहा आला. आप्पा बशीत ओतून भुरके मारत म्हणाले, "पोरगी हुशार हाय. पर तोंडाळ हाय."

मी म्हणाले, "आप्पा, तिनं बरोबर सांगितलं. ती वाक्यं चुकलेलीच आहेत."

"व्हय व्हय. पर माझ्या नावाखाली चूक हाय असं पोरांपुढं म्हणायचं व्हय? उद्या गाव काय म्हणंल?"

मी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. इंग्रजी घेऊन एम.ए. झालेला माणूस. ते कपातल्या सायीकडे बघत म्हणाले, "मॅडम, भाषा बदलत असते. आजकाल सगळं चालतं." मला वाटलं, हा चहा त्यांच्या अंगावर ओतावा. न शिकलेल्याचा अडाणीपणा मी सोसू शकते. शिकलेल्याची ही बुळबुळीत हांजी हांजी मला सोसत नाही, तिची किळस येते. मी पुन्हा सांगितलं, जोरात सांगितलं, लेखी मत देते म्हणाले. "द्या की," आप्पा हसले. नेमणूक त्यांच्या पुतण्याच्या बायकोची झाली.

पोरीला शिरूरला एका खासगी क्लासमध्ये काम मिळालं. रोज जाऊन येणं जमेना, म्हणून तिकडेच खोली घेतली. आईकडे बघायला शेजारची बाई ठेवली. ती वेळेवर खाऊ घालते की नाही, हे विचारायला पोरगी मला फोन करायची आणि मी जाऊन बघून यायचे. रविवारी ती स्वतः यायची.

भिंत तशीच राहिली. नवीन बाईंनी ती तीन वाक्यं परिपाठात घेतली. रोज सकाळी सगळी शाळा एका सुरात ओरडते, 'डोंट डू मिस्टेक्स', आणि मी ओळीत उभी राहून दात खाते.

या उन्हाळ्यात आप्पा माझ्या घरी आले. आजवर कधी आले नव्हते. नातवाला पुण्याच्या मोठ्या शाळेत घालायचं होतं, तिथं मुलाखतीत त्यानं भिंतीवरचं वाक्य ठणठणीत म्हणून दाखवलं आणि समोरचे हसले. आप्पांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, आता भिंत पुसणार. मी विचारलंसुद्धा.

"भित्तीचं ऱ्हाऊ द्या वो," ते म्हणाले. "गावातल्या पोरांना कुठं मुलाखती द्यायच्यात? पर आमच्या नातवाचं नीट करून द्या. ती तुमची पोरगी रविवारी येती न्हवं गावात? तिला म्हणावं, वाड्यावर येऊन शिकीव. म्हणंल तेवढं दिऊ."

पाणीसुद्धा विचारलं नाही मी त्यांना. तरी निरोप तिच्यासाठी होता, नाकारायचा हक्कही तिचाच, म्हणून मी त्यांच्यासमोरच फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "मॅडम, आप्पांना सांगा, रविवार आईचा आहे. बाकीचे सहा दिवस मी त्यांच्या शाळेलाच द्यायला आले होते."

आप्पांनी टोपी नीट केली आणि उठले. दारात म्हणाले, "म्हटलं न्हवतं, तोंडाळ हाय?"